घरमालक भाडेकरू निवडताना कशाला किती वजन देतो? काँजॉइंट सर्वेक्षण-प्रयोगाची आखणी आणि नेहमीच्या चुका

पुण्यातल्या एखाद्या घरमालकाला ‘भाडेकरू निवडताना तुम्ही काय पाहता?’ असे सरळ विचारले, तर ‘माणसे चांगली हवीत’ एवढेच उत्तर हाती लागते. त्याऐवजी दहा गोष्टींची यादी देऊन प्रत्येकीचे महत्त्व विचारले, तर जवळपास सगळ्याच गोष्टी ‘अतिशय महत्त्वाच्या’ ठरतात. प्रत्यक्षात मात्र त्याच घरमालकाला दोन हजार रुपये जास्त देणारे तीन विद्यार्थी आणि सांगितलेलेच भाडे देणारे जोडपे यांतून एकालाच किल्ली द्यायची असते. ही ओढाताण मोजण्यासाठी काल्पनिक उमेदवारांची वर्णने तयार करून, त्यांतले तपशील यादृच्छिकपणे बदलत उत्तरदात्याला निवड करायला लावतात. वर्णन परिच्छेदाच्या रूपात असेल तर त्याला व्हिन्येट म्हणतात. तपशील तक्त्यात, बहुधा दोन उमेदवार शेजारीशेजारी ठेवून, मांडले तर ते काँजॉइंट.

या पद्धतीचे सॉफ्टवेअर आता कोणालाही मिळते, त्यामुळे प्रबंधांत आणि प्रकल्पांत ती सर्रास दिसते. बहुतेक चुका दोन ठिकाणी होतात : गुणधर्मांचा, म्हणजे वर्णनात बदलत्या ठेवायच्या बाबींचा, तक्ता बनवताना आणि शेवटी आकडा वाचताना. म्हणून या लेखात त्या दोन टप्प्यांना अधिक जागा दिली आहे. उदाहरण सर्वत्र एकच आहे, आणि त्यातले निष्कर्षाचे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले आहेत.

## १. निर्णय नेमका करा

‘घरमालकांची पसंती’ हा विषय झाला, निर्णय नव्हे. ‘दलालाने दोन उमेदवार आणले आहेत आणि अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार यांपैकी एकाशी करायचा आहे’ हा निर्णय झाला. त्यातून उत्तरदाता कोण हेही ठरते : ज्याने गेल्या दोन वर्षांत स्वतःचा फ्लॅट भाड्याने दिला आहे आणि भाडेकरू स्वतः निवडला आहे तो. सदनिका मुलाच्या नावावर असेल, पण माणसे वडील पाहत असतील, तर उत्तरदाते वडील. कॉट बेसिसवर खोल्या देणारे आणि संपूर्ण फ्लॅट देणारे एकाच नमुन्यात मिसळू नयेत, कारण त्यांच्यापुढचा निर्णयच वेगळा असतो.

तपासणी : निर्णयाचे वर्णन एका वाक्यात लिहा आणि दोन घरमालकांना वाचून दाखवा. ‘पण आमच्याकडे असे होत नाही’ असे उत्तर आले, तर पुढे जाऊ नका.

## २. परिच्छेद की जोडी?

एकेक वर्णन देऊन त्याला गुण मागायचे की दोन शेजारीशेजारी देऊन एक निवडायला लावायचे, हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. स्वित्झर्लंडमधील काही गावांत परदेशी रहिवाशांना नागरिकत्व द्यावे की नाही, हे काही काळ गुप्त मतदानाने ठरत असे. त्या खऱ्या निकालांशी सर्वेक्षणातील उत्तरे ताडून पाहणारा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हिन्येट आणि काँजॉइंटचे अनेक प्रकार तपासले होते, आणि जोडीने मांडलेले काँजॉइंट खऱ्या वर्तनाच्या सर्वांत जवळ गेले.

मराठीत जोडीच्या तक्त्याला आणखी एक कारण आहे, ते व्याकरणाचे. परिच्छेदात रिकाम्या जागा ठेवून त्यांत शब्द भरण्याची युक्ती इंग्रजीत खपते. मराठीत ती लगेच मोडते. ‘पुणे’चे ‘पुण्यात’ होते, ‘नागपूर’चे ‘नागपुरात’. ‘एकटी कमावती स्त्री’ आली की क्रियापद बदलते आणि ‘तीन विद्यार्थी’ आले की वचन. अशी मोडकी वाक्ये वाचताना उत्तरदात्याचे लक्ष आशयावरून उडते, आणि त्याहून वाईट म्हणजे काही मूल्यांना, म्हणजे त्या जागी येणाऱ्या पर्यायांना, वाक्य नीट बसते व काहींना बसत नाही, त्यामुळे भाषेचाच परिणाम निष्कर्षात मिसळतो. तक्त्यात ‘मूळ गाव : नागपूर’ एवढेच लिहायचे असल्याने ही अडचण येत नाही. व्हिन्येटच हवे असेल, तर प्रत्येक मूल्यासाठी विभक्तीसह आणि क्रियापदासह पूर्ण वाक्य वेगळे लिहून ठेवा.

## ३. गुणधर्मांचा तक्ता

प्रथम दहा-पंधरा घरमालकांशी आणि दोन-तीन दलालांशी मोकळेपणाने बोला. ‘मागच्या वेळी कोणाला नाही म्हणालात आणि का?’ हा प्रश्न बाकी सगळ्या प्रश्नांपेक्षा जास्त देतो. त्यातून पंधरा-वीस गोष्टी निघतील. त्यांतल्या पाच ते सात ठेवा. आपल्या उदाहरणाचा तक्ता असा :

- राहणार कोण : जोडपे / मुलांसह कुटुंब / तीन विद्यार्थी / एकटी कमावती स्त्री / एकटा कमावता पुरुष
- भाडे ज्यातून भरले जाईल ते उत्पन्न : आयटी कंपनीतील पगार / सरकारी पगार / स्वतःचा व्यवसाय
- मूळ गाव : पुणे / महाराष्ट्रातील दुसरा जिल्हा / परराज्य
- देऊ केलेले भाडे : तुम्ही सांगितले तेवढे / ८ टक्के कमी / ८ टक्के जास्त
- आहार : शाकाहारी / मांसाहारी
- ओळख : दलालामार्फत / परिचिताच्या शिफारशीने

एकूण जुळण्या ५ × ३ × ३ × ३ × २ × २, म्हणजे ५४०. प्रत्येकाला त्यांतल्या मोजक्याच दिसतात. सगळ्या दाखवण्याची गरज नसते.

अशक्य जुळण्या. दुसरा गुणधर्म आधी ‘नोकरी’ असा लिहिला, तर ‘तीन विद्यार्थी, सरकारी नोकरी’ असा हास्यास्पद उमेदवार तयार होतो. यावर घाईचा उपाय म्हणजे ती जुळणी प्रोग्राममध्ये बंद करणे. तसे करता येते, पण मग नोकरीच्या प्रकारांची तुलना विद्यार्थी वगळूनच करावी लागते, आणि हे विश्लेषणाच्या वेळी हमखास विसरले जाते. शब्दच असे निवडावेत की अशक्य जुळणी उरणार नाही, हा अधिक चांगला उपाय. ‘भाडे ज्यातून भरले जाईल ते उत्पन्न’ असे लिहिले की विद्यार्थ्यांच्या पालकांचा सरकारी पगारही त्यात बसतो.

भाड्याची व्याप्ती. कोथरूडच्या दोन खोल्यांचे आणि वाघोलीच्या नव्या फ्लॅटचे भाडे एकाच रकमेत दाखवले, तर एकाला ते हास्यास्पद वाटेल आणि दुसऱ्याला नेहमीचे. म्हणून सुरुवातीलाच घरमालकाला त्याचे अपेक्षित भाडे विचारा आणि त्याच्या टक्क्यांवरून रक्कम काढून रुपयांत दाखवा. ₹२५,००० सांगणाऱ्याला ₹२३,०००, ₹२५,००० आणि ₹२७,००० दिसतील. ही व्याप्ती तुम्ही निवडलेली आहे, हे शेवटपर्यंत लक्षात ठेवा. आठऐवजी पंचवीस टक्क्यांचा फरक ठेवला असता, तर ‘भाडे’ हा सर्वांत वजनदार गुणधर्म ठरला असता, आणि त्याने घरमालकाच्या मनाविषयी काहीच नवे सांगितले नसते.

नाव आणि आडनाव. जात किंवा धर्माचा परिणाम पाहायचा म्हणून उमेदवाराला नाव देण्याचा मोह होतो. महाराष्ट्रात आडनाव एकटे येत नाही. ते वाचताच घरमालक जात, प्रदेश, आहार, कधी कधी आर्थिक स्थितीसुद्धा मनातल्या मनात भरून घेतो. मग ‘आडनावाचा परिणाम’ म्हणून जो आकडा येतो, तो कशाचा हे सांगता येत नाही. तक्त्यात आहार वेगळा दिलेला असला तर हे गाठोडे काही प्रमाणात सुटते, पण पूर्ण नाही. ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा आहे ती शब्दांत लिहा. ती थेट लिहिता येत नसेल, तर आडनाव वापरा, मात्र निष्कर्षात ‘आडनावातून सुचणाऱ्या सर्व गोष्टींचा एकत्रित परिणाम’ असेच म्हणा. उलट बाजूही पाहावी लागते : आहाराची ओळ गाळली, तर ‘परराज्य’ वाचून घरमालक आहाराचा अंदाज करू लागतो. एखादी गोष्ट तक्त्यात नसली म्हणून ती उत्तरदात्याच्या डोक्यातून जात नाही.

इशारा : ‘चांगले’, ‘सुसंस्कृत’, ‘विश्वासू’ असे शब्द मूल्य म्हणून घेऊ नका. ते घरमालकाने काढायचे निष्कर्ष आहेत. तुम्ही त्याला केवळ माहिती द्यायची आहे.

## ४. किती माणसे, किती जोड्या?

समजा ३०० घरमालकांना प्रत्येकी ६ जोड्या दाखवल्या. एकूण ३,६०० उमेदवार झाले. तीन मूल्यांच्या गुणधर्मात प्रत्येक मूल्य सुमारे १,२०० वेळा दिसेल, आणि दोन मूल्यांतील फरकाची प्रमाण त्रुटी ढोबळमानाने २ टक्के-बिंदू येईल. ८० टक्के शक्यतेने पकडता येणारा सर्वांत लहान फरक याच्या २.८ पट, म्हणजे साधारण पावणेसहा बिंदू. ‘राहणार कोण’ या पाच मूल्यांच्या गुणधर्मात प्रत्येक मूल्याच्या वाट्याला ७२० उमेदवार येतात, म्हणून तिथे हीच मर्यादा साडेसातच्या आसपास जाते. मूल्ये वाढवण्याची किंमत अशी मोजावी लागते.

खरा धक्का गटांच्या तुलनेत बसतो. भाड्याच्या फ्लॅटच्याच सोसायटीत राहणारे आणि लांब राहणारे असे घरमालकांचे दोन समान गट केले आणि परिणाम दोन्हींत वेगळा आहे का हे विचारले, तर ती मर्यादा दुप्पट होते : पावणेसहाचे साडेअकरा बिंदू. ‘गटांमध्ये फरक आढळला नाही’ असे लिहिणाऱ्या अनेक अहवालांत फरक पकडण्याची ताकदच नसते.

जोड्या वाढवणे स्वस्त असते आणि ऑनलाइन उत्तरदाते बऱ्याच जोड्या निभावूनही नेतात, परंतु घरी जाऊन साठी-सत्तरीतल्या घरमालकांसमोर टॅबलेट धरायचा असेल, तर सहा-सातच्या पुढे जाऊ नये.

## ५. बांधणी

प्रत्येक उमेदवाराचे प्रत्येक मूल्य स्वतंत्रपणे यादृच्छिक निवडायचे. तक्त्यातील ओळींचा क्रम उत्तरदात्यागणिक बदलायचा, पण एकाच उत्तरदात्याच्या सर्व जोड्यांत तोच ठेवायचा. नाहीतर त्याला दर वेळी ओळी शोधत बसावे लागते.

```python
import random

gun = {
    "kon": ["जोडपे", "मुलांसह कुटुंब", "तीन विद्यार्थी",
            "एकटी कमावती स्त्री", "एकटा कमावता पुरुष"],
    "utpanna": ["आयटी पगार", "सरकारी पगार", "व्यवसाय"],
    "gaav": ["पुणे", "दुसरा जिल्हा", "परराज्य"],
    "bhade": [-8, 0, 8],
    "aahar": ["शाकाहारी", "मांसाहारी"],
    "olakh": ["दलाल", "परिचित"],
}

def umedvar():
    return {g: random.choice(m) for g, m in gun.items()}

def jodi():
    a, b = umedvar(), umedvar()
    while a == b:
        b = umedvar()
    return a, b

# उत्तरदात्यामागे एकदाच
kram = random.sample(list(gun), k=len(gun))
```

प्रत्येक जोडीखाली दोन प्रश्न असावेत : ‘यांपैकी कोणाला घर द्याल?’ आणि ‘प्रत्येकाला घर देण्याची शक्यता १ ते ७ मध्ये किती?’ पहिल्या प्रश्नात ‘दोघांनाही नाही’ हा पर्याय नसतो, त्यामुळे निवडला गेलेला उमेदवार घरमालकाला पसंत आहे असे सिद्ध होत नाही. तो दुसऱ्यापेक्षा बरा वाटला, एवढेच. दुसरा प्रश्न ती उणीव काहीशी भरून काढतो.

इशारा : काय निवडले तेवढेच साठवून काय दाखवले ते न साठवणे, ही न सुधारता येणारी चूक आहे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी ओळ हवी आणि तिच्यात उत्तरदात्याचा क्रमांक, जोडीचा क्रमांक, डावी-उजवी बाजू, ओळींचा क्रम, सगळी मूल्ये आणि निवड (१ किंवा ०) असायला हवी. पहिल्या पाच मुलाखतींनंतर फाईल उघडून हे स्वतः पाहा.

मुलाखतकाराने तक्ता मोठ्याने वाचून दाखवू नये. कॉलेजातला मुलगा समोर बसून ‘तीन विद्यार्थी’ वाचत असेल, तर घरमालक सौजन्याने उत्तर देतो. टॅबलेट हातात द्यावा. ज्यांना तो जमत नाही त्यांच्यासाठी तोच तक्ता मोठ्या अक्षरांत छापलेल्या कार्डांवर असावा, आणि अर्थात कार्डांच्या जोड्याही आधीच यादृच्छिकपणे काढून क्रमांक घालून ठेवलेल्या असाव्यात. उमेदवार काल्पनिक आहेत हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे, नाहीतर मुलाखत संपल्यावर ‘मग त्या जोडप्याचा नंबर द्या’ अशी मागणी होते.

## ६. पूर्वचाचणी

वीस-पंचवीस घरमालकांवर चाचणी घ्या आणि त्यांतल्या निदान पाच जणांना विचार मोठ्याने बोलून दाखवायला सांगा. कोणती ओळ कोणीच वाचत नाही आणि कोणत्या ओळीवरून ते तक्त्यात नसलेले काही तरी काढतात, हे इथेच कळते.

शेवटी पहिलीच जोडी डावी-उजवी बाजू बदलून पुन्हा दाखवा. तीच निवड किती जण करतात यावरून उत्तरांतील गोंधळ मोजता येतो. समजा ७५ टक्के जणांनी तीच निवड केली. प्रत्येक उत्तर चुकण्याची शक्यता p मानली, तर दोन्ही उत्तरे जुळण्याची शक्यता p² + (1 − p)² होते, ती ०.७५ असेल तर p सुमारे ०.१५ निघतो. अशा गोंधळामुळे सगळे परिणाम शून्याकडे ओढले जातात आणि त्यांना (1 − 2p) ने, म्हणजे इथे सुमारे ०.७१ ने भागून दुरुस्त करता येते : १० बिंदूंचा मोजलेला परिणाम प्रत्यक्षात १४ च्या आसपास असतो. ही जोडी मुख्य सर्वेक्षणातही ठेवा, पण मुख्य विश्लेषणात घेऊ नका.

## ७. विश्लेषण

R मधल्या `cregg` पॅकेजमध्ये तीन आज्ञा पुरतात. `d` म्हणजे वर साठवलेली फाईल.

```r
library(cregg)
f <- nivad ~ kon + utpanna + gaav + bhade + aahar + olakh

amce(d, f, id = ~ uttardata)
mm(d, f, id = ~ uttardata, h0 = 0.5)
cj(d, f, id = ~ uttardata, estimate = "mm", by = ~ gat)
```

गुणधर्मांचे सगळे स्तंभ, `bhade` धरून, आणि `gat` `factor` प्रकारात असू द्या, पण `nivad` मात्र १ किंवा ० अशा अंकांतच ठेवा. `id` दिले नाही, तर एकाच घरमालकाची बारा निरीक्षणे बारा वेगळ्या माणसांची मानली जातात आणि प्रमाण त्रुटी चुकीच्या येतात.

पहिली आज्ञा सरासरी सीमांत परिणाम देते : एखादे मूल्य तुलनेसाठी धरलेल्या संदर्भ-मूल्याऐवजी ठेवले, तर निवडले जाण्याची शक्यता सरासरी कितीने बदलते. दुसरी आज्ञा सीमांत सरासरी देते : ते मूल्य असलेल्या उमेदवारांपैकी किती निवडले गेले. तिसरी आज्ञा तीच सरासरी प्रत्येक गटासाठी वेगळी देते.

तपासणी : डाव्या बाजूचा उमेदवार निम्म्याच्या आसपास वेळा निवडला गेला का? पहिल्या जोडीतले परिणाम आणि शेवटच्या जोडीतले परिणाम सारखे आहेत का? प्रत्येक मूल्य अपेक्षेइतक्या वेळा दिसले का? तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर दोष प्रोग्राममध्ये आहे. आकडे वाचत बसू नका.

## ८. आकडा वाचणे

समजा ‘शाकाहारी’चा परिणाम मांसाहारीच्या तुलनेत ०.२० आला. ‘बहुसंख्य घरमालकांना शाकाहारी भाडेकरू हवेत’ असा मथळा लगेच तयार होतो. आता १०० घरमालकांची कल्पना करा. ४० जण इतर काहीही असो, शाकाहारीच निवडतात. उरलेल्या ६० जणांना आहाराने काहीच फरक पडत नाही. निम्म्या जोड्यांत दोन्ही उमेदवारांचा आहार सारखाच असतो. उरलेल्या निम्म्यांत ते ४० जण शाकाहारी निवडतात. म्हणून त्यांच्यापुरती शाकाहारीची सीमांत सरासरी ०.७५ आणि मांसाहारीची ०.२५, म्हणजे फरक ०.५० येतो. शंभर जणांची सरासरी काढली की बरोबर ०.२०. बहुसंख्य उदासीन असूनही आकडा मोठा आला, कारण हा परिणाम पसंतीची दिशा आणि तीव्रता एकत्र मिसळतो. त्या ६० जणांना मांसाहारी किंचित अधिक चालत असते, तरी आकड्याचे चिन्ह बदलले नसते. किती जण कोणत्या बाजूला आहेत हे सांगायचे असेल, तर तो प्रश्न स्वतंत्रपणे विचारावा लागतो.

याच हिशोबातून दुसरी गोष्ट दिसते. दोन मूल्यांच्या गुणधर्मात परिणामाची कमाल मर्यादा ०.५० आहे, १ नव्हे. पाच मूल्यांच्या गुणधर्मात दोन्ही बाजूंना तेच मूल्य येण्याची शक्यता पाचात एक असल्याने, सर्वांनी नेहमी एकच मूल्य निवडले तरी त्याची सीमांत सरासरी ०.९० पर्यंत जाते. म्हणून ‘आहार’ आणि ‘राहणार कोण’ यांच्या आलेखातील पट्ट्यांची लांबी शेजारीशेजारी ठेवून ‘हे त्याहून महत्त्वाचे’ म्हणणे धोक्याचे आहे.

वजनांची तुलना रुपयांत करायची असेल, तर आपल्या तक्त्याच्या व्याप्तीतच राहा. ८ टक्के जास्त भाड्याने शक्यता ०.०८ ने वाढते आणि जोडप्याऐवजी विद्यार्थी असल्याने ०.०६ ने घटते, असे आढळले, तर आठ टक्के जास्त भाडे विद्यार्थी असण्याचा तोटा सरासरीने भरून काढते, असे म्हणता येते. घट ०.१६ असेल, तर मात्र ‘सोळा टक्के द्यावे लागतील’ हा केवळ अंदाज झाला. सोळा टक्के तुम्ही कोणाला दाखवलेच नव्हते, आणि इतके जास्त भाडे देणाऱ्याचा घरमालकाला उलट संशय येऊ शकतो.

गटांची तुलना सीमांत सरासरीने करा, परिणामांच्या फरकाने नव्हे. त्याच सोसायटीत राहणाऱ्या घरमालकांत जोडप्याची सरासरी ०.६० व विद्यार्थ्यांची ०.४० आहे आणि लांब राहणाऱ्यांत त्या ०.७० व ०.५० आहेत, असे समजा. जोडपे संदर्भ धरले, तर दोन्ही गटांत परिणाम −०.२० येतो आणि विद्यार्थ्यांबाबत दोन्ही गट सारखेच वाटतात. प्रत्यक्षात लांब राहणारे विद्यार्थ्यांना दहा बिंदूंनी अधिक वेळा घर देतात. संदर्भ म्हणून ‘मुलांसह कुटुंब’ घेतले असते, तर त्याच माहितीतून वेगळाच निष्कर्ष निघाला असता.